माल सकाळचा, पण व्हिडिओत दोन दिवसांचा दिसतोय? (द्राक्षवाल्यांसाठी)

सीझन सुरू झाला की दरवर्षी हाच प्रॉब्लेम घेऊन कोणी ना कोणी येतंच. सकाळी सातला घड काढलाय, देठ हिरवागार आहे, मणी कडक आहेत, आणि व्हॉट्सअपवर व्हिडिओ टाकला की सोसायटीच्या ग्रुपवरून पहिला प्रश्न काय तर "दादा माल कधीचा आहे?" आता यात गिऱ्हाइकाची काही चूक नाही, कारण त्याला फोनमध्ये जे दिसतं ते खरंच शिळंच दिसतं. पिवळट, मळकट, चमक नसलेलं. आणि मग शेतकरी काय करतो, तर पुढच्या व्हिडिओत जास्त म्युझिक, जास्त फिल्टर, आणि घडावर पाण्याचा फवारा. त्याने अजून बिघडतं. ते का ते पुढे सांगतो.

मी इथे फक्त थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश असल्या हिरव्या द्राक्षांचं धरून लिहितोय, आणि ज्यांना पेटी थेट घरी विकायचीय त्यांच्यासाठी. काळ्या मालाचं शेवटी थोडं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा. व्हिडिओ शूट केला त्या फोनच्या गॅलरीत उघडून बघा, आणि तोच व्हिडिओ व्हॉट्सअपवरून गेलेला दुसऱ्याच्या फोनवर बघा, जमलं तर दोन्ही फोन शेजारी धरून. गॅलरीत चांगला आणि पाठवलेला खराब असेल तर गडबड पाठवण्यात आहे. गॅलरीतच पिवळा असेल तर गडबड उजेडात आहे, आणि मग व्हॉट्सअपच्या सेटिंग कितीही बदला, काही होणार नाही. बहुतेक लोक हे न बघता थेट नवीन फोन घ्यायच्या गप्पा मारायला लागतात.

आता उजेडाचं. मांडवाखाली, म्हणजे वेलीच्या ओळीत उभं राहून शूट केलं की काय होतं, तर वरून येणारा सगळा उजेड पानांतून गाळून येतो, तो हिरवा असतो. आपल्या डोळ्याला कळत नाही कारण डोळा सवयीने सांभाळून घेतो, पण फोनला ते नको असतं. फोनला वाटतं उजेड पांढराच असायला हवा, म्हणून तो हिरवा मारायला गुलाबी मिसळतो. त्या भानगडीत पानांचा हिरवा तर मरतोच पण मण्यांचाही मरतो आणि मणी राखाडी-तपकिरी दिसायला लागतात. वर मांडवाच्या फटीतून आभाळ दिसत असेल तर फोन त्या उजेडाला घाबरून सगळं चित्र काळं करतो, ते वेगळंच.

दुसरं कारण ऐकून लोक हसतात पण खरंय, निळं कॅरेट. घड निळ्या कॅरेटमध्ये ठेवला आणि वरून जवळून शूट केला की फ्रेममध्ये निळा रंग भरपूर होतो, फोन तो निळा कमी करायला पिवळा वाढवतो, आणि तो पिवळा येऊन बसतो तुमच्या द्राक्षावर. निळ्या ताडपत्रीचंही तेच. पिवळी ताडपत्री असेल तर उलटं, तिची पिवळी झाक खालून थेट मण्यांवर पडते कारण मणी अर्धपारदर्शक असतात, आजूबाजूचा रंग लगेच घेतात. भारी फोन हे बऱ्यापैकी सांभाळतात, आपल्याकडचे दहा-बारा हजारवाले फोन नाही सांभाळत.

तिसरं कारण पॅकिंगच्या शेडमधलं. दारातून उन्हाचा उजेड आणि वर ट्यूबलाइट किंवा पिवळा बल्ब, दोन्ही एकदम. घडाची एक बाजू निळसर, दुसरी पिवळी. शिवाय कधीकधी व्हिडिओत वरून खाली काळे पट्टे सरकताना दिसतात, ते लाइटच्या लुकलुकण्याचे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे आणि फोन साधारण सेकंदाला 30 फ्रेम घेतो, त्यांचा मेळ बसत नाही. फोनमध्ये 25 फ्रेमचा पर्याय असेल तर तो लावा, पट्टे बहुतेक जातात. पण मी म्हणतो एवढं कशाला, बल्ब बंद करा आणि दाराजवळ या. फुकटात काम होतं.

मग शूट कुठे करायचं? घड काढा आणि प्लॉटच्या कडेला बांधावर या, जिथे वर आभाळ मोकळं आहे पण थेट ऊन पडत नाही, म्हणजे शेडची किंवा झाडाची मोठी सावली. सकाळी सूर्य वर येऊन तास-दीड तास झाला असेल ती वेळ चांगली, तसंही काढणी त्याच वेळी चालू असते. खाली गोणपाट किंवा शेडचा कोबा चालतो. पांढरा कागद नको, पांढऱ्यामुळे फोन उजेड कमी करतो आणि मणी काळपट होतात. उजेड घडाच्या बाजूने आणि थोडा मागून येऊ द्या, मग मण्यात आतपर्यंत उजेड शिरतो, आतल्या बारीक शिरा दिसतात, साल ताणलेली आहे ते कळतं. हे एक दृश्य दहा वेळा "एकदम फ्रेश माल" ओरडण्यापेक्षा जास्त काम करतं.

आणि एक, संध्याकाळचं सोनेरी ऊन. लग्नाचे व्हिडिओवाले त्यासाठी जीव टाकतात, पण हिरव्या द्राक्षाला ते ऊन विषासारखं आहे, सगळा घड पिवळाधमक दिसतो. आता तुमचा माल खरंच थोडा पिवळसर झाक असलेला असेल, साखर पूर्ण भरलेला, तर तो गोड असतो हे आपल्याला माहितीय, पण शहरातल्या माणसाला पिवळं म्हणजे जुनं वाटतं. अशा वेळी रंग लपवू नका, तोंडाने सांगा, "ही पिवळी झाक साखरेची आहे, देठ बघा हिरवा आहे." बोललं की शंका जाते.

व्हिडिओ चालू असताना मध्येच रंग बदलतो, आधी हिरवा मग अचानक पिवळट, ही तक्रार पण खूप येते. फोन दर क्षणाला नव्याने अंदाज घेत असतो, तुम्ही हात मध्ये आणला की त्याला वाटतं सीन बदलला. उपाय सोपा आहे, शूट चालू करायच्या आधी स्क्रीनवर घडावर बोट दाबून धरा, आयफोनवर वर AE/AF LOCK असं येतं, अँड्रॉइडवर बहुतेक कुलपाचं चिन्ह येतं. मग बाजूला सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी दिसते ती थोडी खाली ओढा, मण्यावरची पांढरी चकाकी फाटायची थांबली की बस. फक्त लक्षात ठेवा, या कुलपाने फोकस आणि उजेड थांबतो, रंग थांबेलच असं नाही. रंगही बांधायचा असेल तर प्रो व्हिडिओ मोडमध्ये जाऊन WB हाताने ठेवायचा, उन्हात 5500 च्या आसपास, ढगाळ असेल तर 6500, मोकळ्या आभाळाखालच्या सावलीत 7000 च्या आसपास. प्रो मोड नसेल तर क्लिप छोट्या ठेवा, चार-पाच सेकंदांच्या, फोनला मत बदलायला वेळच मिळत नाही.

लेन्स पुसा हे सांगायला लाज वाटते पण सांगतो. द्राक्षाच्या साखरेने बोटं चिकट असतात, तीच बोटं लेन्सवर, आणि मग सगळा व्हिडिओ धुरकट. ओल्या कापडाने पुसून मग कोरड्याने.

आता खरा मुद्दा. समजा रंग एकदम बरोबर आला, तरी ताजेपणा दिसतोच असं नाही, कारण लोक मणी दाखवतात आणि मणी खोटं बोलतात. काढून दोन दिवस झालेल्या घडाचे मणी लांबून ठीकच दिसतात. खोटं बोलत नाही तो देठ. घड काढला की पाणी सगळ्यात आधी देठातून जातं, मधला दांडा आणि मण्यांचे बारीक देठ सुकायला लागतात, हिरव्याचे आधी फिके मग तपकिरी होतात, उघड्यावर उन्हाळ्यात तर एका दिवसात फरक दिसतो. बाजारातला जाणता गिऱ्हाईक तेच बघतो. तर व्हिडिओतही तेच दाखवा, आणि बहुतेकांच्या व्हिडिओत नेमका देठच नसतो, घड वरून हाताच्या मुठीत धरलेला असतो, म्हणजे पुरावाच झाकला!

देठ दाखवताना फोकसचा घोळ होतो. लोक फोन घडाला चिकटवतात आणि सगळं फटफटीत होतं. प्रत्येक लेन्सला एक किमान अंतर लागतं. फोन वीतभर लांब धरा आणि 2x झूम करा. देठ बारीक असतो म्हणून फोकस उडी मारून मागच्या पानांवर जातो, तर देठाच्या मागे तळहात धरा, फोनला मग पकडायला काहीतरी मिळतं, आणि तळहाताच्या रंगामुळे हिरवा देठ उठूनही दिसतो. मग दोन बोटांनी मणी थोडे बाजूला सारून आतला दांडा दाखवा, आतला पण हिरवा हवा. शेवटी घड देठाला धरून हळू हलवा, मणी गळत नाहीत ते दिसू दे.

दुसरी गोष्ट म्हणजे मण्यावरची पांढरी पावडर. आपल्याला माहितीय ती द्राक्षाची स्वतःची मेणासारखी लव आहे, तिच्यामुळे मण्यातलं पाणी लवकर उडत नाही, आणि जितकी कमी हाताळणी तितकी ती शाबूत. पण शहरात त्याला सरळ "औषधाची पावडर" समजतात. म्हणून एक क्लिप अशी घ्या की अंगठ्याने एक मणी हळू पुसला आणि खालची चकचकीत साल दिसली, बाकीच्या मण्यांवर लव तशीच. फवारणीचा डाग वेगळा असतो, तो ठिपक्या-ठिपक्याने, थेंब जिथे सुकला तिथे, बरेचदा मण्याच्या खालच्या टोकाला असतो, लव मात्र सगळीकडे सारखी पातळ. हे बोलून दाखवा. पण एक मर्यादा पाळा, पुसून दाखवलं म्हणजे औषध नाही असं म्हणू नका. अंश असेल तर तो डोळ्याने दिसत नाही, ते लॅबच्या रिपोर्टचं काम आहे. तुम्ही शेवटची फवारणी आणि काढणी यात ठरलेलं अंतर पाळलंय, तर तेवढंच सांगा. "विषमुक्त", "ऑरगॅनिक" हे शब्द सर्टिफिकेट असल्याशिवाय तोंडातून काढू नका, उगाच अडकाल.

आणि म्हणूनच पाण्याचा फवारा नको. फवारा मारला की लव दिसेनाशी होते, म्हणजे ताजेपणाची खूण तुम्ही स्वतः झाकली, वर ओला घड पेटीत गेला की बुरशी लागायला किती वेळ. व्हिडिओत थेंब छान दिसतात हे खरं, पण जाणता माणूस म्हणतो हा धुतलेला माल आहे, कशाला धुतला असेल बरं?

एक उदाहरण सांगतो, माझ्या मावसभावाचं. दिंडोरीच्या बाजूला थॉमसनचा प्लॉट आहे त्याचा आणि गंगापूर रोड, इंदिरानगरच्या सोसायट्यांत दोन-दोन किलोच्या पेट्या देतो. त्याचा पहिला व्हिडिओ एक मिनिट वीस सेकंदांचा होता. सुरुवातीला गाडीतून जातानाचा रस्ता, मग गेट, मग दुपारच्या उन्हात मांडवाखालून चालतानाचं शूटिंग, मग निळ्या कॅरेटमधला फवारा मारलेला घड आणि शेवटी भाव. माल बघायला जवळजवळ पाऊण मिनिट थांबावं लागायचं, आणि थांबून काय दिसायचं तर पिवळे ओले मणी. खाली प्रश्न ठरलेले, कधीचा आहे, औषध किती मारलंय, एवढा पिवळा का.

नवीन व्हिडिओ चौतीस सेकंदांचा केला, सगळ्या क्लिप उभ्या फोनवर. पहिले चार सेकंद वेलीवरचा घड, पण ओळीच्या आतून नाही, ओळीच्या टोकाला जिथे बाजूने उजेड येतो तिथून. मग सहा सेकंद कात्रीने देठ कापताना, कात्रीचा आवाज तसाच ठेवला, म्युझिक नाही. मग पाच सेकंद कात्रीच्या टोकाने तडकलेला आणि बारका मणी काढून टाकताना, ही क्लिप लोकांना फार आवडते कारण खराब मणी आपल्यासमोर बाहेर गेला ना. मग सात सेकंद देठ, तळहात मागे धरून, आणि तो बोलतो "आतला दांडा पण बघा, हिरवा आहे, आज सकाळचा आहे." चार सेकंद अंगठ्याने लव पुसताना. पाच सेकंद वजनकाटा, आधी रिकामी पेटी ठेवून काटा शून्य केला, मग घड ठेवून दोन किलो. आणि शेवटचे तीन सेकंद पेटीच्या झाकणावर मार्करने लिहिलेली आजची तारीख, शेजारी घड, आणि आवाजात भाव आणि पेटी कुठे-किती वाजता मिळेल ते.

यात एक युक्ती आहे ती वापरा. कापणं, साफ करणं, काटा या क्लिप त्या प्लॉटची काढणी चालू आहे तोवर वापरता येतात, प्रक्रिया तीच असते. पण देठाची आणि तारखेची क्लिप रोज नवीन घ्यायची, दहा सेकंदांचं काम आहे. ती संध्याकाळी शिळी होते, म्हणून दुसऱ्या दिवशी जुना स्टेटस काढून टाका. मागच्या आठवड्याचा देठ आणि आजची तारीख असं जोडकाम करू नका, लोकांकडे आधीचा व्हिडिओ ग्रुपमध्ये पडलेला असतो, तोच घड परत दिसला की गेलं सगळं. मावसभावाकडे आता प्रश्न येतात ते पेट्या किती आणि कधी आणणार असे. भाव कमी करा म्हणणारे आहेतच, त्यावर व्हिडिओकडे औषध नाही.

आता पाठवण्यातली गडबड. गॅलरीत चांगला आणि समोर खराब, तर कारण असं की व्हॉट्सअप व्हिडिओ दाबून लहान करतो, आणि दाबताना सगळ्यात आधी बारीक तपशील जातात, म्हणजे नेमका तुमचा देठ आणि लव. फ्रेममध्ये जितकं जास्त हलतंय तितकं जास्त दाबलं जातं. मागे वाऱ्याने हलणारी शेकडो पानं असतील आणि फोनपण हलत असेल तर सगळी ताकद पानांवर जाते आणि घड लिबलिबीत होतो. म्हणून मागे गोणपाट, फोन स्थिर, दोन्ही कोपर पोटाला टेकवून, आणि घड हळू फिरवायचा. हे एवढं केलं तरी अर्धा फरक पडतो.

बाकी, पाठवताना वर HD चं बटण येतं ते दाबा, किंवा व्हॉट्सअपच्या Settings मध्ये Storage and data मध्ये Media upload quality आहे तिथे कायमचं HD करून ठेवा. एखाद्या दुकानदाराला किंवा मोठ्या गिऱ्हाइकाला मूळ दर्जाच हवा असेल तर व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून जोडा, मग दाबला जात नाही, फक्त समोरच्याला डाउनलोड करावा लागतो, म्हणून ग्रुपवर तसं नको, कोणी उघडत नाही. आणि एका ॲपमध्ये जोडला, दुसऱ्यात नाव टाकलं, स्टेटसवरून स्क्रीन रेकॉर्ड करून परत टाकला, असं केलं की दर वेळी तो नव्याने दाबला जातो. एकाच ॲपमध्ये सगळं उरका आणि मूळ फाइल जपून ठेवा.

आयफोनवाल्यांसाठी एक वेगळं. तुमच्या फोनवर झगझगीत आणि दुसऱ्यांच्या फोनवर फिकट-पांढुरका दिसत असेल तर HDR चालू आहे. Settings > Camera > Record Video मध्ये HDR Video बंद करा आणि नव्याने शूट करा, आधीच्या क्लिप त्याने सुधारत नाहीत.

काळ्या मालाला, शरद किंवा जम्बोला, उलटा त्रास होतो. फोनला काळं बघवत नाही, तो उजेड वाढवतो आणि काळे मणी जांभळट-राखाडी होतात, लव तर बुरशीसारखी दिसते. तिथे कुलूप लावून पट्टी नेहमीपेक्षा बरीच खाली ओढायची, मणी डोळ्याला दिसतात तेवढे काळे होईपर्यंत. देठ मात्र त्या अंधारात हरवतो, म्हणून देठाची क्लिप वेगळी घ्या, तिच्यात पट्टी परत वर.

आणि देठ खरंच तपकिरी झाला असेल तर सेटिंग शोधत बसू नका. तो माल कालचा म्हणून सांगून भाव कमी करून द्या, व्हिडिओ उद्याच्या काढणीचा करा.